भांडण आपल्या फळ्याखाली, मित्र दोघेही आपले

दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबईच्या कोणत्याही बौद्ध वस्तीत जा, विहाराच्या भिंतीला एक काळा फळा हमखास दिसतो. कुणाच्या घरी पुण्यानुमोदन आहे, वर्षावासात ग्रंथवाचन किती वाजता आहे, दहावी-बारावीच्या मुलांची नावे कुठे द्यायची, हे सारे त्याच्यावर खडूने लिहिलेले असते. कंपनीची पाळी सुटली की माणसे घरी जाण्याआधी फळ्यासमोर थांबतात, वाचतात, दोन शब्द बोलतात. बोलता बोलता कधी आवाज चढतो. फळा ज्याने लिहिला त्याच्यासमोरच त्याचे दोन मित्र एकमेकांवर धावून जाण्याच्या बेतात येतात. अशा वेळी त्याने काय करायचे, एवढ्याच प्रश्नापुरता हा लेख आहे.

इतरांपेक्षा या माणसाची अडचण वेगळी असते. रस्त्यावरचे भांडण असेल तर तो बाजूने निघून जाऊ शकतो. इथे विषय त्याने काढलेला, अक्षर त्याचे आणि भांडणारे दोघेही त्याच्या घरी चहा पिणारे. तो गप्प राहिला तर लोक म्हणतात, याला गंमत पाहायची आहे. एकाला आवरायला गेला तर दुसरा म्हणतो, हा त्याच्या बाजूचा. म्हणून दोघांना कसे सांभाळायचे हे त्याला नीट ठाऊक असले पाहिजे.

एक प्रसंग डोळ्यांसमोर धरू. समजा, जयंती उत्सव समितीच्या सचिवाने एप्रिलच्या शेवटी फळ्यावर हिशेब लिहिला: जमा ६४,२०० रुपये, खर्च ५६,७०० रुपये, शिल्लक ७,५०० रुपये. खाली एक ओळ लिहिली, ‘शिलकीबाबत सूचना द्याव्यात.’ संध्याकाळी दोघे आले. एक तुर्भ्याच्या मार्केटमध्ये माथाडी कामगार, वयाने मोठा, सगळे त्याला दादा म्हणतात. दुसरा एनएमएमटीच्या बसवर वाहक, सचिवाच्या बरोबरीचा. तिघांची मैत्री जुनी. दादा म्हणाले, “हे पैसे पुढच्या वर्षीच्या मिरवणुकीसाठी ठेवा, ऐन वेळी वर्गणीसाठी दारोदार फिरावे लागते.” वाहक म्हणाला, “मिरवणुकीला कधी कमी पडले नाही. अभ्यासिकेत पोरे फरशीवर बसतात, आधी टेबले घ्या.”

इथपर्यंत हे भांडण नाही. दोन सूचना मागितल्या, दोन सूचना आल्या. सचिवाने यात पडू नये, ऐकत राहावे. मतभेद दिसताच मध्ये पडणारा माणस सगळ्यांनाच नकोसा होतो.

वळण कुठे येते

मतभेदाचे भांडण होते ते तीन खुणांवरून ओळखता येते. पहिली खूण, विषय पैशावरून माणसावर येतो. “टेबले घ्या” याचे “तू स्वतः वर्गणी किती दिलीस ते सांग” होते. दुसरी खूण, माणूस समोरच्याशी बोलायचे सोडून गर्दीशी बोलू लागतो. “बघा, बघा, काय म्हणतो हा!” असे वाक्य आले की समजावे, त्याला आता उत्तर नको आहे, साक्षीदार हवे आहेत. तिसरी खूण, जुनी गोष्ट बाहेर येते. तीन वर्षांपूर्वीच्या सहलीची बस किंवा कुणाच्या लग्नातला मानपान यांचा शिलकीशी काही संबंध नसतो.

एखादी खूण दिसली तर कान उघडे ठेवावेत. दोन दिसल्या की सचिवाने उठावे. तिसरीची वाट पाहू नये, कारण जुनी गोष्ट बाहेर आली की ती ऐकलेली माणसे ती घरी घेऊन जातात.

लहान गोष्ट घरोघर गेली की काय होते, हे विनयपिटकातल्या कोसंबीच्या कलहात दिसते. महावग्गाचा दहावा भाग त्याच कलहाचा आहे. त्याची सुरुवात कशातून झाली ते अट्ठकथेत सांगितले आहे. एकाच विहारात दोन विद्वान भिक्खू राहत होते. एक विनयाचे जाणकार, दुसरे सुत्तांचे. सुत्तांच्या जाणकारांनी शौचकूपात भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवले. विनयाच्या जाणकारांनी तो दोष असल्याचे सांगितले. पहिले म्हणाले, “दोष असेल तर मी कबूल करतो.” दुसरे म्हणाले, “मुद्दाम केले नसेल तर दोष नाही.” तिथे गोष्ट संपायला हवी होती.

पण विनयाच्या जाणकारांनी आपल्या शिष्यांना सांगितले की त्यांच्या हातून दोष घडला आहे आणि त्यांना तो कळतही नाही. त्या शिष्यांनी हे पलीकडच्या शिष्यांना ऐकवले, आणि त्यांनी आपल्या गुरूंना. गुरू चिडले, “आधी दोष नाही म्हणाले आणि आता आहे म्हणतात, म्हणजे ते खोटे बोलतात.” हा शब्द तसाच पाठोपाठ परत गेला. मग विनयवाल्या पक्षाने दुसऱ्यांना निलंबित केले, संघात दोन गट पडले आणि गावातले उपासकही वाटले गेले. दोन गुरू समोरासमोर बोलत होते तोवर गोष्ट भांडभर पाण्याएवढी होती. ती वाढवली मधल्या तोंडांनी.

पहिले वाक्य

आता आपल्या फळ्याकडे येऊ. दादा आणि वाहक, दोघांचे आवाज चढले आहेत, दहा-बारा माणसे जमली आहेत. सचिवाने उठून पहिले वाक्य काय म्हणावे?

‘शांत व्हा’ म्हणू नये. चिडलेल्या माणसाला हा शब्द त्याचे चुकल्यासारखा ऐकू येतो, आणि तो ज्याच्याकडे पाहून म्हटला जातो त्याला आपल्यालाच दटावल्यासारखे वाटते. ‘दादा, तुमचे बरोबर आहे, पण’ असेही म्हणू नये. ‘पण’च्या आधीचे वाक्य दुसरा लक्षात ठेवतो आणि नंतरचे पहिला. लोकांना हसवण्यासाठी कोपरखळी मारू नये. गर्दी हसते तेव्हा ती कुणाला तरी हसते, आणि तो माणूस ते हसू वर्षभर विसरत नाही.

पहिल्या वाक्यात दोघांची नावे एका दमात यावीत, आधी वयाने मोठ्याचे, आणि रोख फळ्याकडे वळावा. “दादा, भाऊ, सूचना मी मागितली होती. तुम्ही दोघांनी दिली. आता लिहून घेणे माझे काम.” बस, एवढेच. भांडणाचे तोंड त्या दोघांवरून लिहिणाऱ्यावर वळते, आणि त्याला ते पेलता येते, कारण फळा त्याचाच आहे. दोघांपैकी कुणालाही माघार घ्यावी लागत नाही.

यानंतर पुष्कळांचा हात ओल्या फडक्याकडे जातो. फळाच पुसून टाकला की कटकट मिटली, असे वाटते. तसे करू नये. पुसलेला हिशेब लपवलेला हिशेब वाटतो, आणि उद्या दोघेही म्हणतात की दुसऱ्यासाठी पुसला. उलट खडू घ्यावा आणि हिशेबाच्या खाली दोन्ही सूचना लिहाव्यात, सारख्याच अक्षरात, सारख्याच लांबीत. ‘१. शिल्लक पुढील मिरवणुकीसाठी राखून ठेवावी. २. शिलकीतून अभ्यासिकेसाठी टेबले घ्यावीत.’ लिहिल्यावर ज्याची सूचना त्याला विचारावे, “दादा, हेच म्हणायचे होते ना?” मग वाहकाला तेच. आपले म्हणणे बरोबर लिहिले गेले हे पाहिले की माणसाचा अर्धा जोर ओसरतो, कारण तो ओरडत होता तो ऐकले जावे म्हणून. शेवटी तिसरी ओळ: ‘विचारविनिमय रविवारी सायंकाळी ६ वाजता, विहारात.’ निर्णयाला दिवस ठरला की आज, आत्ता, याच जागी जिंकण्याची गरज उरत नाही. रविवार दोन-तीन दिवसांवर असेल तर उत्तम. पंधरा दिवस लांबवले तर तेवढ्यात गट पडतात.

आसनाचे अंतर

फळा लिहून झाला तरी दोघे हातभर अंतरावर उभे असतील तर पुन्हा ठिणगी पडते. कोसंबीत भिक्खूंचे भांडण भोजनाच्या जागी, लोकांच्या देखत हातघाईवर आले. तेव्हा तथागतांनी उपदेशाच्या जोडीला बसण्याचा नियमही सांगितला. संघात फूट पडली असताना बसायचे तर अशा अंतराने बसावे की एकमेकांशी अयोग्य वागणे-बोलणे घडू नये. वातावरण निवळले असेल तरी मध्ये एक आसन सोडून बसावे. भांडण मिटण्याच्या आधी शरीरे दूर करावीत, एवढा साधा अर्थ यात आहे.

फळ्याखाली हे करताना एक अडचण येते. सचिव दादांना ‘चला, चहा घेऊ’ म्हणून घेऊन गेला तर वाहकाला वाटते की दोघे मिळून आपल्याविषयी बोलणार. म्हणून सचिवाने स्वतः कुणाबरोबरही जाऊ नये. जमलेल्यांमध्ये दादांचा मान ज्याला आहे असा एक जण आणि वाहकाच्या जवळचा एक जण, दोघांना नजरेने सांगावे. एकाने दादांना त्यांच्या गल्लीपर्यंत सोबत करावी, दुसऱ्याने वाहकाला बसथांब्याकडे न्यावे. सोबत जाणाऱ्यांनी वाटेत त्या विषयावर बोलू नये, मुलांची चौकशी करावी. सचिवाने फळ्यापाशीच थांबावे आणि उरलेल्या गर्दीला काही सांगत बसू नये. ‘काय झाले हो?’ असे कुणी विचारले तर फळ्याकडे बोट दाखवावे. तिथे दोन सूचना आणि एक तारीख लिहिली आहे. त्याहून जास्त सांगितले की कोसंबीचे शिष्य तयार होतात.

गर्दी इतकी महत्त्वाची का, याचे आपल्या जवळचे उदाहरण पाहू. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा राजा ढाले आणि नामदेव ढसाळ हे तिच्यातले खांद्याला खांदा लावून चाललेले मित्र. १९७३ चा जाहीरनामा आणि मार्क्सवाद की बुद्धविचार हा प्रश्न, यावरून दोघांत मतभेद झाले. प्रश्न खरा होता आणि त्यावर वाद व्हायलाच हवा होता. पण १९७४ मध्ये तो वर्तमानपत्रांच्या पानांवर आणि जाहीर सभांतून चालला. छापलेल्या शब्दाला छापील उत्तर द्यावे लागते, आणि प्रत्येक वाचक कुणाच्या तरी बाजूचा होतो. त्याच वर्षी संघटना दुभंगली, आणि १९७७ साली ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बरखास्त केल्याचे जाहीर केले. कोण बरोबर होते यावर आजही आपल्या घरांत वाद होतात. तो इथे काढायचा नाही. एवढेच दिसते की हजारो लोक पाहत असताना दोन मित्रांपैकी कुणालाही पाऊल मागे घेणे सोपे राहत नाही.

दोन्ही घरी, त्याच रात्री

सचिवाचे पुढचे काम त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी करायचे असते. त्याने दोघांच्याही घरी जावे. आधी दादांकडे, कारण ते मोठे, आणि तिथेच सांगावे, “इथून मी भाऊकडे जाणार आहे.” वाहकाकडे गेल्यावर सांगावे, “दादांकडून आलो.” लपवून गेलेली भेट दुसऱ्या दिवशी कळतेच, आणि मग ती कट वाटते. दोन्हीकडे साधारण सारखा वेळ बसावे. एका घरी जेवून दुसऱ्या घरी पाणीसुद्धा घेतले नाही, तर वस्तीत त्याचाही अर्थ लावला जातो.

हा बारकावा जुनाच आहे. कोसंबीचे भिक्खू पुढे सावत्थीला आले तेव्हा त्यांना कसे वागवायचे, असे सारिपुत्तांनी विचारले. निवासासाठी वेगळ्या जागा द्याव्यात, वेगळ्या नसतील तर करून द्याव्यात, आणि अन्न-वस्तू मात्र सर्वांना सारख्याच वाटाव्यात, असे त्यांना सांगण्यात आले. अनाथपिंडिक आणि विशाखा हे तर तिथले यजमानच. त्यांनाही सांगितले गेले की दान दोन्ही बाजूंना द्या, आणि ऐकाही दोन्ही बाजूंचे. झोपायला वेगळे, वाढायला सारखे, ऐकायला दोघांचे. दोन मित्रांच्या भांडणात यजमानाने याहून वेगळे काही करायचे नसते.

घरी बसल्यावर दोन प्रश्न पुरतात. पहिला, “तुम्हांला नक्की काय हवे आहे?” दुसरा, “कोणता शब्द लागला?” पहिल्याचे उत्तर पैशाचे असते, दुसऱ्याचे मनाचे. पुष्कळदा दिसते की भांडण ७,५०० रुपयांचे नव्हतेच. दादांना लागले ते “मिरवणुकीत नाचायलाच पैसा हवा” हे वाक्य, कारण मिरवणूक त्यांनी तरुणपणी स्वतःच्या खांद्यावर उभी केली. वाहकाला लागले ते “तू किती दिलेस” हे वाक्य, कारण त्या महिन्यात घरात आजारपण होते आणि त्याने खरेच कमी दिले होते. टेबलांचा प्रश्न रविवारी बैठकीत सुटेल. लागलेला शब्द बैठकीत निघणार नाही, तो घरीच बोलून घ्यावा लागतो.

इथे एक पथ्य कडक पाळायचे. एका घरातले वाक्य दुसऱ्या घरात न्यायचे नाही, चांगलेसुद्धा. “तो माझ्याबद्दल काय म्हणाला?” असे विचारले जाणारच. उत्तर एकच, “ते त्याच्याच तोंडून ऐका.” वहिनी समजुतीने म्हणतील, “अहो, मी उद्या नळावर तिला सांगते ना.” त्यांनाही हात जोडून सांगावे की तीन दिवस थांबा. बायका-मुले यात ओढली गेली की पुरुष बोलू लागले तरी घरे बोलत नाहीत, आणि मुले शाळेत एका बाकावर बसेनाशी होतात.

दोघांना काही सांगायचे असेल तर ज्याचे त्याला सांगावे. कोसंबीत तथागतांनी हेच केले. ज्यांनी निलंबन केले त्यांच्याकडे जाऊन ते म्हणाले की केवळ आपल्याला वाटते म्हणून कुणाला बाहेर काढू नका, त्यातून संघ फुटेल याची भीती बाळगा. मग दुसऱ्या पक्षाकडे जाऊन सांगितले की आमचा दोष नाहीच असा हट्ट धरू नका, समोरचेही जाणते आहेत, संघ फुटू नये म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवून दोष कबूल करावा. पहिल्यांना दुसऱ्यांचे दोष सांगितले नाहीत, दुसऱ्यांना पहिल्यांचे नाहीत. ज्याच्या हातात जे होते तेवढेच त्याला सांगितले. सचिवाने दादांना म्हणावे, “दादा, वर्गणीचा आकडा चारचौघांत काढायला नको होता.” वाहकाला म्हणावे, “भाऊ, मिरवणुकीला हलके बोलायला नको होते.” हे चार भिंतींच्या आत म्हटले तर कुणी रागावत नाही. फळ्याखाली म्हटले असते तर दोघेही रागावले असते.

खरे-खोटे मध्यावर नसते

बाजू घ्यायची नाही याचा अर्थ सगळे सारखेच खरे, असा नाही. अनाथपिंडिकांना दोन्ही बाजूंचे ऐका म्हणून सांगितले, तेव्हा पुढे हेही सांगितले होते की ऐकून झाल्यावर जे धम्माला धरून बोलतात त्यांचे मत मान्य करा. वागणूक सारखी, निवाडा मात्र पुराव्याने.

समजा, भांडणात वाहक म्हणाला होता, “साउंडवाल्याला १२,००० ठरले होते, मग १४,००० कुठून आले?” हा मताचा नव्हे, कागदाचा प्रश्न आहे. पावतीवर साउंडचे १२,००० आणि जनरेटरच्या डिझेलचे २,००० असतील, तर सचिवाने दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्या दोन ओळी वेगळ्या कराव्यात आणि पावती कुणीही पाहावी म्हणून खजिनदाराकडे ठेवावी. “दोघांचेही थोडे थोडे बरोबर” असे म्हणून हे झाकले तर संशय मुरतो. ओळी वेगळ्या करताना ‘अमक्याच्या शंकेमुळे’ असे मात्र लिहू नये.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची. कुणी हात उचलला, धमकी दिली, कुणाच्या घरातल्या बाईला उद्देशून अपशब्द काढला, तर तिथे मध्ये उभे राहून दोन्हीकडे समजुतीने पाहणे म्हणजे मारणाऱ्याची बाजू घेणे होय. ते त्याच क्षणी, त्याच जागी, कृतीचे नाव घेऊन थांबवावे: “आपल्या विहारापुढे हात उचलायचा नाही.” “बायकांचे नाव इथे निघणार नाही.” माणसाला वाईट म्हणू नये, कृतीला म्हणावे, आणि तेच दुसऱ्याने केले असते तर तसेच म्हटले असते हे आवाजातून कळावे. तसेच दोघांपैकी एक नेहमीच दबणारा असेल, कर्जाने किंवा नोकरीने दुसऱ्याच्या उपकाराखाली असेल, तर त्याचे गप्प बसणे म्हणजे समेट समजू नये. त्याच्या घरची भेट जास्त वेळाची झाली तरी चालेल.

आणि कधी कधी हे सगळे करूनही जमत नाही. कोसंबीत तथागतांनाच एका भिक्खूने सांगितले की आपण निवांत राहावे, आमचे भांडण आम्ही पाहून घेऊ. त्यांनी दीघावु राजकुमाराची वैर सोडून देण्याची गोष्ट सांगून पाहिली, तरी ऐकेनात. मग ते तिथून निघून गेले. पुढे कोसंबीच्या उपासकांनी ठरवले की या भिक्खूंना वंदन करायचे नाही आणि भिक्षा घालायची नाही. तेव्हा कुठे ते ताळ्यावर येऊन सावत्थीला गेले. आपल्या सचिवाच्या हातातही एवढे असते. मित्र ऐकतच नसतील तर त्याने त्या विषयासाठी आपला फळा, आपले घर आणि आपले कान बंद करावेत, दोघांसाठी सारखेच, आणि मैत्री मात्र बंद करू नये. “टेबलांचे बोलणे बैठकीत. चहा केव्हाही.”

गवताने झाकणे

रविवारी बैठकीला दोघांना समोरासमोर बसवू नये. एकाच बाजूला, मध्ये एक-दोन माणसे ठेवून बसवावे, म्हणजे दोघांचे तोंड फळ्याकडे राहते. सूचना ज्या क्रमाने लिहिल्या त्या क्रमाने मांडू द्याव्यात, प्रत्येकाला सारखा वेळ. सचिवाने स्वतःचे मत शेवटी द्यावे किंवा देऊच नये. निर्णय काहीही होवो, ५,००० ची टेबले आणि २,५०० राखून ठेवलेले, किंवा सगळेच एकीकडे, तो बैठकीचा असावा, सचिवाचा नव्हे.

राहिले ते भांडणात बोललेले शब्द. तुम्ही हे म्हणालात, तू ते म्हणालास, असा त्या शब्दांचा एकेक करून हिशेब मांडला तर नवे भांडण उभे राहते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वाद शमवण्याचे सात मार्ग आहेत, त्यांतल्या शेवटच्याचे नाव ‘तिणवत्थारक’, म्हणजे गवताने झाकणे. कलहात दोन्ही बाजूंकडून पुष्कळ अनुचित बोलले-वागले गेले असेल आणि ते उकरून काढण्याने वाद आणखी चिघळणार असेल, तर सर्वांनी एकत्र जमावे. प्रत्येक बाजूच्या एका जाणत्या माणसाने आपल्या सर्वांच्या वतीने ते एकदाच कबूल करावे, आणि विषय झाकला जावा. मात्र गंभीर अपराध आणि गृहस्थांशी संबंधित दोष यांना ही सवलत नव्हती. गवत चिखलावर टाकायचे असते, खड्ड्यावर नाही.

बैठकीच्या शेवटी दादांनी म्हणावे, “त्या दिवशी आमच्याकडून जास्त बोलले गेले.” वाहकाने म्हणावे, “आमच्याकडूनही.” कोणते वाक्य, कुणाचे, किती, काही नाही. सचिवाने दोघांना हे आधी घरीच विचारून ठेवलेले असावे. सगळ्यांसमोर एकाएकी ‘माफी मागा’ म्हणण्यासारखी दुसरी चूक नाही.

भांडण खरेच निवले की नाही, हे हातात हात दिल्याने कळत नाही. लोकांसाठी कुणीही हात देतो. दोन घरांमधले उसने-पासने पुन्हा सुरू झाले का, पोरे एकत्र शिकवणीला जातात का, आणि फळ्यावर नवे काही लिहिले की ते दोघे एकाच वेळी उभे राहून वाचतात का, हे महिनाभर पाहावे. एक जण दुसरा निघून जाईपर्यंत कोपऱ्यावर थांबत असेल, तर समजावे की कुठला तरी शब्द अजून बोलायचा राहिला आहे. मग सचिवाने पुन्हा त्या दोन घरी जावे, आधी मोठ्यांकडे, मग बरोबरीच्याकडे, आणि कुठून आलो ते दोन्हीकडे सांगावे.